तळटीप : ०.४ म्हणजे चाळीस टक्के गुण नव्हेत

मूळ मजकुरातले सूत्र असे आहे:

```
=PERCENTRANK.INC($B$2:$B$12,B6)
```

यातून येणारा आकडा एवढेच सांगतो, की स्वतःला वगळून उरलेल्या मुलांपैकी किती जणांना आपल्याहून कमी गुण आहेत. ११ जणांच्या वर्गात ३५, ४१, ४८, ५२, ५८, ५८, ५८, ६६, ७१, ७९, ८८ असे गुण असतील, तर ६६ ला ०.७ मिळतात, कारण उरलेल्या दहांत सात जण मागे आहेत. ५८ ला मात्र ०.४ मिळतात. चार मागे, चार पुढे, म्हणजे हा विद्यार्थी वर्गाच्या अगदी मधोमध. तरी आकडा त्याला निम्म्याखाली दाखवतो, कारण बरोबरीचे दोघे मागे असलेल्यांत धरलेच जात नाहीत. म्हणून मुलाला टक्का न सांगता ‘चार मागे, दोन बरोबर, चार पुढे’ असेच सांगावे.

यावर कोणी म्हणेल, की पटाप्रमाणे संख्या बदलते, टक्क्याने तुलना सोपी होते. हे खरे, पण पट लहान असताना एकदोन नोंदींनीही टक्का हलतो. दोन गैरहजर मुलांपुढे शून्य लिहून यादीत घेतले, तर त्याच ५८ चे ०.५ होतात. रिकामी चौकट सूत्र मोजत नाही, शून्य मोजते. म्हणून गैरहजेरीची चौकट रिकामीच ठेवावी. शेवटच्या मुलालाही हे सूत्र ०च देते, त्याचे गुण ३५ असले तरी. तो आकडा तसाच हातात देणे मला अन्यायाचे वाटते.