‘सर्वानुमते मंजूर’ म्हणजे नक्की काय मंजूर झालं? ग्रामसभेचा ठराव असा लिहितात

हिंगोली जिल्ह्यातल्या पुसेगावात असो की राज्यातल्या कुठल्याही गावात, २६ जानेवारीच्या ग्रामसभेनंतर इतिवृत्ताच्या वहीत एक वाक्य हमखास सापडतं. गावाकडं या वहीला प्रोसिडिंग बुक म्हणतात आणि ते वाक्य असतं, “सदर विषयावर सविस्तर चर्चा होऊन सर्वानुमते मंजूर करण्यात आले.”

सभा झाली त्या दिवशी सगळ्यांना सगळं माहीत असतं, त्यामुळे हे वाक्य कुणाला खटकत नाही. खटकतं ते तीन वर्षांनी. तोवर सरपंच बदललेला असतो, ग्रामसेवकाची बदली झालेली असते आणि “तेव्हा असं ठरलंच नव्हतं” म्हणणारे दोन गट तयार असतात. वही उघडली तर आत फक्त ‘सविस्तर चर्चा’. चर्चा कशावर झाली, याचा पत्ता नाही.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, पुसेगावच्या ग्रामसभेत उन्हाळ्यातल्या पाण्याचा विषय आला. नवी बोअर घ्यायची की जुन्या सार्वजनिक विहिरीतला गाळ काढायचा, यावर तासभर खडाजंगी झाली आणि गाळ काढायचं ठरलं. नेहमीच्या पद्धतीनं हा ठराव “पाणीटंचाईबाबत उपाययोजना करण्यास मंजुरी” एवढाच लिहिला जाईल. या ओळीवर उद्या बोअरचं बिलही निघू शकतं, कारण उपाययोजना दोन्ही आहेत.

तोच ठराव नीट लिहिला तर असा दिसेल:

“ठराव क्र. ४. वस्तीवरचा हातपंप फेब्रुवारीतच कोरडा पडतो. नवी बोअर घेणे किंवा सार्वजनिक विहिरीतील गाळ काढणे, हे दोन पर्याय सभेसमोर आले. मागच्या दोन बोअरना पाणी लागले नाही आणि विहिरीत एप्रिलपर्यंत पाणी टिकते, म्हणून गाळ काढण्याचे ठरले. विहीर वस्तीपासून लांब आहे, अशी हरकत नोंदवण्यात आली. खर्च ग्रामनिधीतून, ६० हजार रुपयांच्या मर्यादेत. काम १५ मार्चपूर्वी व्हावे, देखरेख पाणीपुरवठा समितीने करावी. एप्रिलअखेर पाणी न टिकल्यास बोअरचा विषय पुन्हा सभेपुढे ठेवावा. बाजूने ७१, विरोधात २२, तटस्थ ९.” खाली सूचक आणि अनुमोदक यांची पूर्ण नावं.

यातला सगळ्यात कामाचा भाग म्हणजे नाकारलेला पर्याय आणि तो नाकारण्याचं कारण. पुढच्या वर्षी नवा सदस्य “बोअर का नाही घेतली?” म्हणून पहिल्यापासून सुरुवात करणार नाही. आणि समजा त्या भागात पाणी लागायला लागलं, तर जुनं कारण आता उरलं नाही, हेही वहीवरूनच कळेल. हरकत लिहिली म्हणून ठराव कमजोर होत नाही. उलट २२ जण विरोधात असताना ‘सर्वानुमते’ लिहिलं, तर त्यातला एक जण तक्रार घेऊन पंचायत समितीत पोहोचला की अख्ख्या नोंदीवरच शंका येते.

दुसरा घोळ सह्यांचा. हजेरीची सही म्हणजे संमती नव्हे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ नुसार ग्रामसभेच्या गणपूर्तीला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे लोक लागतात. हजेरीच्या सह्या त्यासाठी असतात. मात्र बऱ्याचदा याच सह्या पुढे करून “इतक्या लोकांनी मान्य केलं” असं सांगितलं जातं. म्हणून हजेरीचा आकडा वेगळा आणि मतांचा आकडा वेगळा लिहायचा. वरच्या उदाहरणात बेरीज १०२ येते. हजेरी १४० असेल, तर उरलेले ३८ जण मतदानाआधी उठून गेले, एवढं त्यातून समजतं.

वही तपासताना आणखी दोन जागा बघा. एक म्हणजे ‘ऐनवेळचे विषय’. नोटिशीत नसलेला खर्चिक निर्णय इथं सापडला, तर तो आयत्या वेळी कुणी आणि का मांडला, हे त्यात लिहिलंय का ते पाहा. दुसरी म्हणजे शेवटची ओळ आणि अध्यक्षांची सही यांच्यातली मोकळी जागा. नंतर घुसवलेली ओळ बहुतेक वेळा तिथंच असते. शाई वेगळी, अक्षर दाटीवाटीचं. ही जागा तिरपी रेघ मारून बंद करणं सोपं आहे, तरी फार कमी ठिकाणी दिसतं.

निर्णय बदलला तर? जुना ठराव खोडायचा नाही. नव्या सभेत नवा ठराव घ्यायचा आणि त्यात “दिनांक अमुकचा ठराव क्र. ४ रद्द करून” असं लिहून कारण द्यायचं. जुन्या ठरावाच्या समासात नव्या ठरावाचा क्रमांक टाकला, तर वाचणाऱ्याला पुढचं पान शोधत बसावं लागत नाही. लिहिण्यात चूक झाली असेल, तर ती दुरुस्त करायची वेळ पुढच्या सभेत येते, ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’ या विषयाला. हा विषय आला की लोक चहाला उठतात. ठरावाची प्रत माहितीच्या अधिकारात १० रुपयांच्या अर्जावर मागता येते, पाने काढण्याचा खर्च वेगळा.