एक उणे चिन्ह आणि १९१८ चं साल: जनगणनेच्या तक्त्यातली गोष्ट

डेटा पत्रकारितेचा एक सराव करून पाहू. सार्वजनिक स्प्रेडशीट घ्यायची, त्यातली गोष्ट शोधायची आणि ती एका आलेखात खोटं न बोलता मांडायची. मी भारताच्या जनगणनेचा ए-२ तक्ता घेतला आहे. १९०१ पासून दर दहा वर्षांनी लोकसंख्या किती बदलली, हे त्यात दिलेलं असतं. तो मोफत उतरवून घेता येतो. समोर उघडा आणि माझ्याबरोबर चला.

महाराष्ट्राच्या ओळी काढा. १९०१ मध्ये १,९३,९१,६४३ माणसं, १९११ मध्ये २,१४,७४,५२३, १९२१ मध्ये २,०८,४९,६६६ आणि १९३१ मध्ये २,३९,५९,३००. पुढे आकडा वाढतच जातो आणि २०११ ला ११,२३,७४,३३३ वर पोचतो. शेजारच्या स्तंभात टक्केवारी तयार मिळते, पण ती आयती घेऊ नका. लोकसंख्या C स्तंभात असेल, १९११ तिसऱ्या आणि १९२१ चौथ्या ओळीत असेल, तर हे सूत्र टाका:

```
=(C4-C3)/C3*100
```

उत्तर -२.९१ येतं. स्वतः केलेलं गणित छापील आकड्याशी जुळलं, म्हणजे निदान ओळ चुकलेली नाही. जुळलं नाही तर बहुतेक वेळा एखादा आकडा 'मजकूर' म्हणून वाचला गेलेला असतो किंवा वर्षांची ओळ सरकलेली असते. हेच सूत्र सगळ्या दशकांना लावा. अकरा दशकांत उणे चिन्ह फक्त एकदाच दिसेल. आपली गोष्ट तिथे आहे.

त्या दशकात काय झालं, हे तुम्हाला माहीत असेल. १९१८ च्या उन्हाळ्यात इन्फ्लुएन्झाची साथ मुंबई बंदरात आली. पहिली लाट तशी सौम्य होती. सप्टेंबर-ऑक्टोबरमधली दुसरी लाट भयंकर ठरली. त्याच वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता आणि धान्य महागलं होतं. भारतभरातल्या मृत्यूंचे अभ्यासकांचे अंदाज साधारण सव्वा कोटीपासून दोन कोटींपर्यंत जातात. बळींमध्ये वीस ते चाळीस वयाची माणसं, विशेषतः बायका, मोठ्या प्रमाणावर होत्या.

आता आलेख काढू. बहुतेकांचा हात आधी रेषेच्या आलेखाकडे जातो. शून्यापासून बारा कोटींपर्यंत उभा अक्ष घ्या आणि तो दहा सेंटीमीटर उंच धरा. १९११ ते १९२१ मधली घट ६,२४,८५७ ची आहे, म्हणजे कागदावर जेमतेम अर्धा मिलिमीटर. चित्रात एकही खोटा आकडा नाही, तरी आपली गोष्ट दिसत नाही.

मग कोणीतरी अक्ष कापतं. १९११ आणि १९२१ चे दोनच स्तंभ घेतले आणि अक्ष २.०५ कोटींपासून सुरू केला, तर १९२१ चा स्तंभ १९११ च्या स्तंभाच्या साधारण एक तृतीयांश उंचीचा दिसतो. बघणाऱ्याला वाटेल, दोन तृतीयांश माणसं गेली. खरी घट तीन टक्क्यांच्या आत आहे. स्तंभ बघताना डोळा त्याची उंचीच मोजतो, म्हणून स्तंभ शून्यापासूनच सुरू व्हायला हवा.

मी तिसरा मार्ग घेतला. लोकसंख्येऐवजी दर दशकातला टक्केवारीतला बदल स्तंभांत दाखवला, शून्याची रेषा मध्ये ठेवली. १९११ चा स्तंभ १०.७४ वर, १९२१ चा २.९१ खाली, १९३१ चा १४.९१ वर आणि पुढे १९७१ चा २७.४५ पर्यंत. रेषेखाली जाणारा स्तंभ एकच, तो लगेच नजरेत भरतो आणि त्याची लांबीही खरी आहे. ठिपके रेषेने जोडायचं मी टाळलं, कारण १९११ पासून १९२१ पर्यंत उतरती रेषा काढली की माणसं हळूहळू दहा वर्षं कमी होत गेली असं वाटतं. साथीचा मोठा तडाखा मात्र काही महिन्यांतच बसला होता. दोन गणनांच्या मधलं काही या तक्त्याला माहीतच नाही.

मोह इथे संपत नाही. १९०१-११ चाच वेग पुढच्या दशकात राहिला असता, तर १९२१ ला २ कोटी ३८ लाख माणसं असती. प्रत्यक्षात त्याहून २९ लाखांनी कमी होती. म्हणजे 'महाराष्ट्रात साथीने २९ लाख बळी घेतले' असा मथळा तयार! तो देऊ नका. त्या २९ लाखांत न झालेले जन्म आहेत, ये-जा करणारी माणसं आहेत, प्लेगसारख्या इतर रोगांचे मृत्यू आहेत. शिवाय तुलनेचं दशकच साधं नाही. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनंतरचं ते दशक होतं, आणि अशा काळानंतर लोकसंख्या नेहमीपेक्षा वेगाने भरून येऊ शकते. फरक मोजता येतो, पण तो एकाच कारणाच्या नावावर टाकता येत नाही.

आणखी एक गोष्ट चित्राखालच्या टिपेत लिहा. १९२१ मध्ये 'महाराष्ट्र' नावाचं राज्य नव्हतं. आजचे जिल्हे तेव्हा मुंबई इलाखा, मध्य प्रांत-वऱ्हाड, निजामाचं हैदराबाद आणि संस्थानं यांच्यात वाटलेले होते. जुन्या गणनांचे आकडे आजच्या हद्दीत बसवून ही ओळ तयार झालेली आहे. हा बारीकसारीक मुद्दा वाटत असेल, तर मी राहतो त्या बावधनकडे बघा. बावधन खुर्द आधीच पुणे महापालिकेत होतं. मुळशी तालुक्यातलं बावधन बुद्रुक ३० जून २०२१ ला इतर बावीस गावांबरोबर महापालिकेत आलं. त्या दिवशी तिथे कोणी नवीन राहायला आलं नाही, तरी 'पुणे शहराची लोकसंख्या' वाढली. पुढे कोणी दोन गणनांचे शहराचे आकडे शेजारी ठेवून 'पुणे फुगलं' म्हणाला, तर त्याला आधी विचारा, हद्द कोणती धरली?

आपला आलेख नेमकं काय सांगू शकतो? आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत १९११ पेक्षा १९२१ ला माणसं कमी होती, आणि २०११ पर्यंतच्या इतर कोणत्याही दशकात असं झालं नाही. एवढंच. कारण आलेख सांगत नाही. ते दाखवायचं असेल तर पुढचा स्रोत हवा, म्हणजे त्या काळच्या सॅनिटरी कमिशनरच्या वार्षिक अहवालांतले महिनावार मृत्यू. १९१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरचे आकडे इतर वर्षांच्या त्याच महिन्यांशी ताडून बघा. मात्र साथीत नोंद करणारी माणसंही आजारी पडत, त्यामुळे गावोगावचे अनेक मृत्यू नोंदलेच गेले नसणार. तिथला आकडा कमीत कमी इतका, असं धरूनच वाचा.

माझ्या वहीत या सरावाची नोंद दोन ओळींची आहे. पहिली: उणे चिन्ह सापडलं. दुसरी: त्यात माणसं किती आणि न जन्मलेली मुलं किती, हे या तक्त्यावरून कळत नाही. दोन्ही ओळी मी आलेखाखाली तशाच ठेवल्या आहेत.