काळ : त्रिकालवादी व क्रमवादी दृष्टी

काळाच्या स्वरूपाविषयीच्या दोन परस्परविरोधी भूमिका. त्रिकालवाद्यांच्या मते भूत, वर्तमान आणि भविष्य हा भेद जगातच आहे : घटना आधी भविष्यात असते, मग घडते, मग सरते. यांतील वर्तमानवादी आणखी पुढे जाऊन, जे आत्ता आहे तेवढेच खरे, असे मानतात. क्रमवाद्यांच्या मते घटनांमध्ये फक्त आधी-नंतर हा संबंध असतो. पानशेतचे धरण 12 जुलै 1961 रोजी फुटले आणि पुण्यात ‘आयुका’ ही संस्था 1988 मध्ये स्थापन झाली. पहिली घटना दुसरीच्या आधीची, हे विधान 1950 मध्येही तितकेच खरे होते. ‘आत्ता’ हा शब्द ‘इथे’सारखा बोलणाऱ्याची जागा सांगतो, एवढेच. त्यामुळे भविष्य वर्तमानाइतकेच वास्तव ठरते. या वादाची आजची मांडणी ब्रिटिश तत्त्वज्ञ मॅक्टॅगार्ट यांच्या 1908 च्या लेखापासून सुरू होते.

हा वाद केवळ शब्दांचा नाही, हे आयुकाचे संस्थापक-संचालक जयंत नारळीकर (1938–2025) यांच्या एका संशोधनातून चांगले दिसते. त्याची सुरुवात त्यांनी केंब्रिजमध्ये फ्रेड हॉईल यांच्यासह केली. 1995 मध्ये, नारळीकर पुण्यात असताना, दोघांनी त्याचा सविस्तर आढावा प्रसिद्ध केला.

प्रश्न साधा आहे. रेडिओच्या मनोऱ्यात विद्युत्भार हलतो आणि तरंग बाहेर पडतात. मॅक्सवेलच्या समीकरणांना मात्र दोन उत्तरे मिळतात. एकातले तरंग भार हलल्यानंतर दूर पोहोचतात. दुसऱ्यातले तो हलण्याआधीच दूरच्या ठिकाणी असतात. पहिल्यांना विलंबित, दुसऱ्यांना अग्रिम म्हणतात. अनुभव फक्त विलंबितांचा येतो, म्हणून दुसरे उत्तर सहसा बाजूला ठेवले जाते. व्हीलर आणि फाइनमन यांनी 1945 मध्ये ते टाकले नाही. प्रत्येक भार दोन्ही प्रकारचे तरंग निम्मे-निम्मे देतो, असे त्यांनी मानले.

समजा, तरंग शोषणारे द्रव्य एक प्रकाशवर्ष दूर आहे. मनोऱ्यातला अर्धा विलंबित तरंग तिथे एका वर्षाने पोहोचतो आणि तिथले भार हलवतो. त्या भारांचा अग्रिम तरंग एक वर्ष मागे येतो, म्हणजे मूळ भार हलतो नेमका त्याच क्षणी मनोऱ्यापाशी पोहोचतो. अंतर दहा प्रकाशवर्षे असले तरी हिशेब तोच. अशा सगळ्या प्रतिसादांची बेरीज मनोऱ्याचा अग्रिम अर्धा भाग रद्द करते आणि विलंबित भाग पूर्ण करते. तरंग सोडताना भाराची ऊर्जा कमी होते, तीही याच प्रतिसादाने लावलेल्या अडसरामुळे.

अडचण अशी, की भूतकाळातले शोषकही हेच उलट दिशेने करू शकतात. मग आपल्याला विलंबित तरंगच का दिसतात? व्हीलर-फाइनमन यांनी उत्तरासाठी उष्मागतिकीचा आधार घेतला. हॉगार्थ यांनी 1962 मध्ये लक्ष विश्वाच्या प्रसरणाकडे वळवले आणि हॉईल-नारळीकर यांनी हा धागा पुढे नेला. त्यांच्या निष्कर्षानुसार भविष्यातले शोषण परिपूर्ण आणि भूतकाळातले अपुरे असेल, तरच अनुभवाशी जुळणारे उत्तर मिळते. स्थिर-स्थिती विश्वात नवे द्रव्य निर्माण होत राहून घनता टिकते, म्हणून ही अट पूर्ण होते. महास्फोटानंतर सतत विरळ होत जाणाऱ्या साध्या प्रतिमानात भविष्यातले शोषण अपुरे पडते, आणि उत्तर उलटे येते. 1965 मध्ये वैश्विक सूक्ष्मतरंग प्रारणाचा शोध प्रसिद्ध झाल्यावर स्थिर-स्थिती सिद्धांत मागे पडला. या मांडणीची सर्वांत कमकुवत बाजू तीच.

सिद्धांत बरोबर असेल, तर वर्तमानवादाला त्याची किंमत मोजावी लागते. जे अजून अस्तित्वातच नाही, ते या क्षणी भाराला अडवील कसे? ‘भूत आणि वर्तमान खरे, भविष्य नाही’ असे म्हणणाऱ्या, ब्रॉड यांनी 1923 मध्ये मांडलेल्या मध्यममार्गाची कोंडी माझ्या मते अधिक होते. कारण त्याला हवा असलेला भूतकाळ इथे निष्प्रभ असतो आणि नाकारलेले भविष्यच काम करते. शिवाय काळाची दिशाही इथे कसल्या ‘वाहण्या’तून येत नाही, ती विश्वाच्या दोन टोकांच्या फरकातून येते. हे क्रमवाद्यांच्या म्हणण्याशी जुळते.

तरी वर्तमानवाद्याजवळ एक खरे उत्तर आहे. शोषण परिपूर्ण असेल, तर हीच गणिते फक्त विलंबित तरंग आणि भारावरचा स्थानिक अडसर घेऊन लिहिता येतात. निरीक्षणे तीच राहतात आणि भविष्याचा उल्लेखही लागत नाही. फरक दिसेल तो शोषण अपुरे असल्यासच : मोकळ्या आकाशाकडे तरंग सोडताना प्रक्षेपकाला लागणारी शक्ती जवळच्या शोषकाकडे सोडतानापेक्षा थोडी वेगळी पडावी. पार्ट्रिज यांनी 1973 मध्ये असा प्रयोग केला. फरक आढळला नाही. भविष्यातले शोषण परिपूर्ण असले तरी हेच दिसेल, आणि प्रतिसाद मुळीच येत नसला तरीही हेच.