टंचाईत माल कसा वाटतात? उत्तनच्या बर्फाचं गणित

मासेमारीची पावसाळी बंदी उठली की उत्तन, पाली, चौकच्या बोटी एकाच वेळी समुद्रात जायला निघतात. प्रत्येकीला बर्फ हवा असतो. तो नसेल तर पकडलेली मासळी किनाऱ्यावर येईपर्यंत खराब होते. आता समजा, नेमकी तेव्हाच वीज गेली आणि कारखान्यात बर्फाच्या 60 लाद्याच तयार झाल्या. मागणी मात्र 120 ची आहे: छोट्या बोटीची 12, मधलीची 40 आणि मोठीची 68. (आकडे समजण्यासाठी घेतले आहेत.)

मागणीच्या प्रमाणात वाटप

सगळ्यांना निम्मं दिलं, तर 6, 20 आणि 34 लाद्या मिळतात. हे न्याय्य दिसतं. पण पुढच्या खेपेला मोठ्या बोटीने 68 ऐवजी 188 लाद्या मागितल्या तर? एकूण मागणी 240 होते, प्रत्येकाला चौथा हिस्सा मिळतो आणि वाटप होतं 3, 10 आणि 47. खरं बोलणाऱ्यांचंच नुकसान झालं. मग सगळेच आकडा फुगवू लागतात आणि खरी गरज किती, हे कारखानदाराला कळेनासं होतं. हाऊ ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1997 मध्ये पुरवठा साखळीवरच्या लेखात हाच धोका मांडला होता. त्याची खूण सोपी आहे: माल मुबलक झाला की फुगवलेल्या ऑर्डरी अचानक रद्द होतात.

समान वाटा, उरलेलं पुन्हा वाटा

इथे प्रत्येकाचा वाटा 20 धरायचा. छोट्या बोटीला 12 च हव्यात, म्हणून तिची गरज पूर्ण होते. उरलेल्या 48 लाद्या दोघांत वाटल्या की प्रत्येकी 24. आता मोठ्या बोटीने 188 मागितल्या तरी 24 च मिळतील. खोटं बोलून काहीच फायदा नाही.

पण याही पद्धतीत पळवाट आहे. एकाच मालकाने भावाच्या नावाने दुसरं खातं उघडलं, तर त्याला दोन वाटे मिळतात. म्हणून वाटा नावावर न देता नोंदणी झालेल्या बोटीवर द्यावा लागतो. शिवाय जास्त दिवस समुद्रात राहणाऱ्या मोठ्या बोटीला 24 लाद्या पुरतीलच असं नाही.

मागच्या खरेदीवरून वाटप

त्यासाठी तिसरी पद्धत: टंचाईच्या आधी कोणी किती बर्फ खरंच उचलला, ते वहीत पाहून त्या प्रमाणात वाटायचं. फुगवलेली मागणी इथेही चालत नाही. मात्र टंचाई सुरू झाल्यानंतरची खरेदी त्यात धरायची नाही, नाहीतर लोक वाटा वाढवण्यासाठीच जास्त उचलतील. आणि यंदाच पहिल्यांदा समुद्रात उतरलेल्या बोटीची वहीत नोंदच नसते. तिच्यासाठी थोडा माल आधीच बाजूला काढून ठेवावा लागतो.

कुठलीही पद्धत निवडली तरी ती टंचाई येण्याआधी ठरवून सगळ्यांना सांगितलेली हवी. लाद्या समोर असताना नियम ठरवला, तर तो कोणाच्या तरी सोयीचा आहे, असंच प्रत्येकाला वाटतं.