पगारपत्रकातील कपाती

चंद्रपूर-गडचिरोलीत कारखान्यात पहिल्यांदा कामाला लागणाऱ्याच्या हाती इंग्रजी पगारपत्रक येते. त्यात डावीकडे कमाई आणि उजवीकडे कपात असते. समजा, एका तरुणाचा एकूण पगार १८,००० रुपये आहे आणि त्यातला मूळ पगार व महागाई भत्ता मिळून १२,००० रुपये. पीएफ या १२,००० वर १२ टक्के, म्हणजे १,४४० रुपये. ईएसआयसी मात्र एकूण पगारावर ०.७५ टक्का, म्हणजे १३५. पीटी, म्हणजे राज्याचा व्यवसाय कर, २०० रुपये. हाती येतात १६,२२५. फेब्रुवारीत पीटी ३०० होतो, त्यात चूक नसते. २५,००० पर्यंत पगार असलेल्या स्त्रीला पीटी नाही, कापला असेल तर विचारावे. टीडीएस हा आयकर. एवढ्या पगारावर तो रकाना रिकामाच असतो. कोळसा खाणीत पीएफऐवजी सीएमपीएफ दिसतो.

खरी गोम पीएफमध्ये आहे. काही ठेकेदार मालकाचा हिस्साही कामगाराच्याच पगारातून वळता करतात. ते बेकायदेशीर आहे. १,४४० च्या जागी दुपटीच्या आसपास आकडा दिसला, तर हाच संशय घ्यावा. कापलेली रक्कम भरली की नाही, हे पत्रकावरून कळत नाही. त्यासाठी यूएएन क्रमांकाने पीएफचे पासबुक उघडून त्या महिन्याची नोंद पाहावी.