मुद्रेची फाटकी जागा

इंझोरीत भजनी मंडळाची एक जुनी हस्तलिखित चोपडी आहे. चाळीसेक वर्षांपूर्वी तिची नक्कल करायचे काम माझ्याकडे आले. अक्षर बरे होते माझे, आणि उमेदही होती. एका पानाचा खालचा कोपरा वाळवीने खाल्लेला. अभंगाची शेवटची ओळ होती, पण तिच्या सुरुवातीची चार अक्षरे गेलेली. म्हणजे नेमकी मुद्राच गेली. मी विचार न करता तिथे नामदेवरायांची मुद्रा लिहिली, आणि लिहिली तीही इतर अक्षरांसारखीच, त्याच शाईने.

आता ती चूक कशी घडली ते पाहा. अभंग थोरला होता. थोरल्या अभंगाच्या चरणाचे चार खंड असतात. पहिले तीन सहा सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा, आणि दुसऱ्या-तिसऱ्या खंडाचे यमक जुळते. पहिल्या खंडातली शेवटची दोन अक्षरे शाबूत होती, म्हणजे भोकात चार अक्षरे गेली हे हिशेबाने ठरले. ‘एका जनार्दनीं’ सहा अक्षरे, ती तिथे मावत नाहीत. म्हणून नाथमहाराज वगळले. इथवर ठीक होते. पण ‘नामा म्हणे’ चार अक्षरे, ‘तुका म्हणे’ चार, ‘चोखा म्हणे’ही चारच. मापाने जागा किती ते कळते, तिथे कोण बसले होते ते कळत नाही. मला नामा आवडत होता, एवढेच माझे प्रमाण.

त्याच पानावर आणखी एक भोक होते, एका चरणाच्या दुसऱ्या खंडाच्या शेवटी. तिथे तिसऱ्या खंडाचे यमक शिल्लक होते, मागची अक्षरे होती, अर्थही वाहत होता. तिथला शब्द मी अंदाजाने भरला, त्याचे मला आजही वाईट वाटत नाही. वाईट इतकेच वाटते की तोही कंसात घातला नाही. भरलेला शब्द चुकला तरी वाचणाऱ्याला यमक पाहून तपासता येतो. मुद्रा चुकली तर तपासायला काही उरत नाही. उलट एका संताचे बोलणे दुसऱ्याच्या नावावर जाते.

हे आपल्या परंपरेत मोठ्या प्रमाणावर घडलेले आहे. संत नामदेव तेराव्या-चौदाव्या शतकातले. सोळाव्या शतकात विष्णुदास नामा होऊन गेले, त्यांनी मराठीत महाभारत रचले. दोघांच्याही नावात नामा. गाथ्यांच्या पोथ्यांमध्ये दोघांचे अभंग एकत्र झाले, आणि अभ्यासकांना ते वेगळे करताना आजही भाषेचे जुनेपण पाहावे लागते. एकदा विष्णुदासांची रचना नामदेवरायांची ठरली, की तिच्यावरून नामदेवरायांच्या काळाबद्दल काढलेले निष्कर्षही डळमळतात.

नाथमहाराजांनी शके 1506 मध्ये, म्हणजे इ.स. 1584 साली, पैठणास ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. लोकांनी मध्ये घातलेल्या ओव्यांवर त्यांनी किती कडक शब्दांत ताशेरा ओढला, तो आपण पारायणाच्या शेवटी ऐकतो. पण काय काढले आणि काय ठेवले याची यादी मात्र आपल्या हाती नाही. त्यामुळे राजवाड्यांनी 1909 साली जुनी म्हणून एक वेगळी प्रत छापली, तेव्हा दोन पाठांत मूळ कोणता हा वाद उभा राहिला. नाथांकडे बोट दाखवायला मी कोण? पण त्यांच्या हातची ती यादी असती तर!

पुण्याच्या भांडारकर संस्थेने ही खबरदारी घेतली. विष्णु सुकथनकरांनी संपादलेले आदिपर्व 1933 साली पूर्ण झाले. त्यात जो पाठ निश्चित नाही त्याच्या खाली नागमोडी रेघ आहे, आणि संपादकाने स्वतः सुधारलेल्या मोजक्या जागी तारा आहे. पोथ्या सांगतात ते वेगळे आणि संपादकाला वाटते ते वेगळे, हे वाचणाऱ्याला डोळ्यांनी दिसते.

कुणी म्हणेल, महाराज, भजनात रिकामी जागा गायची कशी? खरे आहे. टाळ वाजत असताना चार अक्षरे गिळता येत नाहीत. तिथे काहीतरी धरावेच लागते. तेव्हा कीर्तनकाराने आधी सांगावे की इथे पान फाटले आहे, मी नाम्याची मुद्रा धरून म्हणतो, पण ती पोथीत नाही. हे सांगायला श्वासभर वेळ पुरतो. नुसती नक्कल करायची असेल तर मात्र घाई कसली? चार टिंबे द्यावीत, समासात अक्षरांची संख्या लिहावी.

गेल्या चातुर्मासात मी ती चोपडी परत मागून घेतली. माझ्या चार अक्षरांभोवती लाल कंस केला आणि समासात लिहिले की हे माझे, मूळ पान वाळवीने गेले. मंडळातला मृदंगी हसून म्हणाला, ‘महाराज, आता उशीर झाला. शेजारच्या गावच्या मंडळानं इथूनच उतरवून नेलं, ते आता नाम्याचाच म्हणतात.’ त्यांची चोपडी पाहायला मी अजून गेलेलो नाही. पाऊस उघडला की जाईन.