ह्युमिडिटी कमी, तरी घामाच्या धारा? मग दवबिंदू बघा

गेल्या मे महिन्यात मुंबईत मी एक चूक केली. पळायला जायची वेळ ठरवण्यासाठी वेदर अ‍ॅप उघडलं. सकाळी सहाला ह्युमिडिटी ८९% आणि दुपारी चारला ६३%. दुपारी हवा कोरडी असणार असं समजून चारला बाहेर पडलो. दोन किलोमीटरमध्येच चक्कर यायला लागली आणि सावली शोधून बसावं लागलं. अ‍ॅपमधला आकडा बरोबर होता, मीच त्याचा अर्थ चुकीचा लावला होता.

टक्के नेमके कशाचे?

ह्युमिडिटी म्हणजे सापेक्ष आर्द्रता. त्या तापमानाला हवेत जास्तीत जास्त जेवढी वाफ राहू शकते, त्याच्या किती टक्के वाफ आत्ता आहे, एवढंच ती सांगते. ही कमाल मर्यादा तापमानाबरोबर झपाट्याने वाढते.

फोनच्या स्टोरेजचंच बघा ना. ३२ जीबीचा फोन ९०% भरला तर आत साधारण २९ जीबी डेटा असतो. १२८ जीबीचा ६०% भरला तर ७७ जीबी. टक्के कमी, पण डेटा जास्त. हवेचंही तसंच, फक्त तिचं ‘स्टोरेज’ दिवसभर बदलत राहतं.

दवबिंदू काय सांगतो?

हवा हळूहळू थंड करत गेलो, तर ज्या तापमानाला ती वाफेने पूर्ण भरते आणि पाणी सुटायला लागतं, तो दवबिंदू. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीवर बाहेरून थेंब जमतात, कारण तिचा पृष्ठभाग दवबिंदूपेक्षा थंड असतो. हवेत खरोखर किती वाफ आहे यावर दवबिंदू ठरतो. नुसतं ऊन वाढल्याने तो बदलत नाही.

आता माझा तो दिवस बघा. सकाळी तापमान २८°, दुपारी ३४°. दोन्ही वेळी दवबिंदू मात्र जवळपास २६°च होता! हवा कोरडी झालीच नव्हती, फक्त तापली होती.

उलट पुण्यातली हिवाळ्यातली सकाळ घ्या: तापमान १२°, ह्युमिडिटी ९०%. दवबिंदू येतो साधारण १०°. त्या हवेत दर घनमीटरला सुमारे १० ग्रॅम वाफ असते, तर मुंबईच्या त्या ६३% वाल्या दुपारी सुमारे २४ ग्रॅम. चिकचिक कुठे होणार, हे सांगायला नको.

घामाचा संबंध

घाम आला म्हणून थंडावा मिळत नाही, तो वाळला की मिळतो. तो किती वेगाने वाळेल हे त्वचेजवळची वाफ आणि हवेतली वाफ यांच्यातल्या फरकावर अवलंबून असतं. गरमीत त्वचा ३५° च्या आसपासच राहते, त्यामुळे फरक ठरवते ती मुख्यतः हवेतली वाफ, म्हणजेच दवबिंदू. ढोबळमानाने १५° च्या खाली हवा सुखद वाटते, २०° च्या आसपास चिकट, आणि २४° च्या वर घाम नुसता वाहत राहतो.

फोनवर कुठे दिसेल?

आयफोनच्या वेदर अ‍ॅपमध्ये Humidity च्या चौकोनातच Dew point लिहिलेला असतो. तुमच्या अ‍ॅपमध्ये नसेल तर हे सोपं गणित करा:

```
Td = T - (100 - RH) / 5
```

T म्हणजे तापमान आणि RH म्हणजे ह्युमिडिटीचे टक्के. ३४° आणि ६३% टाकले की २६.६ येतं, म्हणजे बऱ्यापैकी बरोबर. पण ह्युमिडिटी ५०% च्या खाली असेल तर हे सूत्र वापरू नका. नागपूरच्या उन्हाळ्यातले ४३° आणि १६% टाकून बघा, उत्तर २६ येतं, खरा दवबिंदू असतो फक्त १२° च्या आसपास.

दुसरी गल्लत बातम्यांमुळे होते. ‘कमाल तापमान ३६°, आर्द्रता ९०%’ असं वाचलं तर आकडे एकाच वेळचे आहेत असं धरू नका. कमाल तापमान दुपारचं असतं, आणि हवामान खातं आर्द्रता नोंदवतं सकाळी साडेआठ आणि संध्याकाळी साडेपाचला. दोन्ही एकत्र टाकले तर दवबिंदू ३४° येतो. सौदी अरेबियातल्या धहरानला २००३ मध्ये ३५° नोंदला गेला होता आणि तो जागतिक विक्रम मानला जातो. तेव्हा आपल्याकडे उत्तर ३० च्या वर आलं की आधी आकड्यांच्या वेळा तपासा.

पण एकटा दवबिंदू पुरेसा नाही

चिकचिक किती होईल हे तो सांगतो, ऊन किती लागेल हे नाही. नागपूरच्या त्या हवेत घाम लगेच वाळतो, कूलरही मस्त चालतो, पण ४३° मध्ये उष्माघाताचा धोका असतोच. म्हणून मी आता आधी दवबिंदू बघतो. तो दिवसभर सारखाच असेल, तर ज्या वेळी तापमान सगळ्यात कमी ती वेळ निवडतो. मुंबईत मे महिन्यात ती वेळ सकाळी सहाची, भले स्क्रीनवर ८९% दिसू दे.